घोडा एकटा, राजा लांब: h-प्यादे अडवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हा डाव 90 मिनिटे आणि दर खेळीला 30 सेकंद अशा वेळेच्या खुल्या स्पर्धेतला आहे. पांढऱ्याकडून एक शाळकरी मुलगी खेळत होती, काळ्याकडून वयाने आणि अनुभवाने बरेच मोठे असलेले एक गृहस्थ. दोघांची नावे इथे महत्त्वाची नाहीत. डाव शेवटाकडे आला तेव्हा पांढऱ्याचा राजा वजीराच्या बाजूला आपले प्यादे पुढे न्यायला गेला होता. काळ्याने आपला उंट देऊन ते प्यादे b6 वर मारले, घोड्याने तो उंट मारला, आणि काळ्याने लगेच आपले एकुलते एक प्यादे h4 वर ढकलले. पटावर चारच मोहरी उरली:

```
8/K7/1N6/8/4k2p/8/8/8 w - - 0 1
```

म्हणजे पांढरा राजा a7, घोडा b6, काळा राजा e4, प्यादे h4, आणि खेळी पांढऱ्याची. पुढच्या नोंदीत N म्हणजे घोडा, K म्हणजे राजा आणि Q म्हणजे वजीर. तिच्या घड्याळात दोनेक मिनिटे होती, शिवाय दर खेळीला मिळणारे 30 सेकंद.

अडचण नेमकी कुठे होती

h4 वरच्या प्याद्याला वजीर व्हायला तीन खेळ्या पुरतात. पांढऱ्या राजाला a7 पासून f1 पर्यंत यायला मधे कुणी आडवे आले नाही तरी सहा खेळ्या लागतात. त्यामुळे राजाचा हिशोब आधी सोडूनच द्यायचा. जे काही करायचे ते घोड्याने.

कडेचे प्यादे हा घोड्याचा सगळ्यात वाईट शत्रू. g-प्यादे g2 पर्यंत पोचले तरी g1 वर बसलेला घोडा एकटा तग धरतो, कारण त्याला दोन्ही बाजूंना उडी मारायला जागा असते. काळा राजा f2 वर आला तर Nh3+ हा शह आहे, h2 वर आला तर Ne2 वरून g1 वर नजर राहते. h-प्याद्याच्या उजवीकडे मात्र पटच संपतो. प्यादे h2 वर आणि घोडा h1 वर अशी स्थिती असेल, तर काळा राजा g2 वर येतो आणि घोडा कोपऱ्यात सापडतो. म्हणून h-प्यादे h2 वर पोचण्याच्या आत अडवावे लागते. प्यादे h3 वर असताना घोड्याने h2 हे घर धरून ठेवले, तर तो राजाच्या मदतीशिवाय डाव बरोबरीत ठेवू शकतो.

h2 वर नजर ठेवता येईल अशी घरे तीनच: f1, f3 आणि g4. चौथे म्हणजे खुद्द h2, प्याद्यासमोर ठाण मांडून बसायचे. f3 उघड्यावर पडते, तिथे काळा राजा सहज पोचतो, त्यामुळे ते फारसे कामाला येत नाही. पण e3 हे घर, h2 वर थेट नजर नसूनही, फार कामाचे ठरते. ते कसे, हे पुढे येईलच.

पहिला निर्णय: कोणत्या वाटेने जायचे

b6 वरून g4 ला जायला तीन उड्या लागतात: d7, f6, g4. f1 ला जायलाही तीनच: c4, d2, f1. दोन्ही वाटांवर दुसरी उडी शह देते. पहिली वाट प्याद्याच्या अधिक जवळून जाते, शिवाय घोडा पटाच्या मधोमध राहतो. घड्याळ टिकटिकत असताना बहुतेकांचा हात Nd7 कडेच जातो.

Nd7 ने डाव हरतो. 1.Nd7 h3 2.Nf6+ Kf3! आणि आता g4 वर काळ्या राजाची नजर आहे. 3.Ng4 केले तर घोडा फुकट जातो. 3.Nh5 h2 4.Ng3 ने h1 धरता येईल असे वाटते, पण काळा राजा g3 वरचा घोडा मारतो आणि पुढच्या खेळीला वजीर होतो. इथे दिलेला शह राजाला नको तिथे ढकलत नाही, उलट हव्या त्या घरात आणून बसवतो.

Na4 करून c5 किंवा c3 वरून शह देण्याचा विचारही तिने केला. त्याचेही उत्तर Kf3 हेच, आणि घोडा एका खेळीने उशिरा पडतो.

उरली c4 ची वाट. 1.Nc4 वर काळ्याने घाईने 1...h3 केले, तर 2.Nd2+ हा शह अगदी वेगळ्या जातीचा आहे. d2 वरचा घोडा शह देता देता f3 हे घरही काढून घेतो आणि पुढच्या उडीसाठी f1 मोकळे ठेवतो. काळा राजा f4 वर गेला तर 3.Nf1, आणि h2 धरले गेले. तो e3 वर आला तर 3.Nf1+ पुन्हा शहासकट. काळ्या राजाला f1 वर हल्ला करायला अजून एक खेळी हवी असते, आणि त्यानंतर घोड्याला h2 मोकळे असते.

म्हणजे दोन्ही वाटांची लांबी सारखीच होती. मधल्या शहानंतर शेवटचे घर काळ्या राजाच्या हातात जाते की नाही, यावर सगळे ठरले. तिने जवळपास एक मिनिट घेतले आणि 1.Nc4 खेळली.

दुसरा निर्णय: आलो तिथे परत जायचे

काळ्याने योग्य उत्तर दिले, 1...Kf3. आता h3 करून प्यादे पळवण्याची धमकी आहे, आणि d2 चा शह पूर्वीसारखा लागत नाही. 2.Nd2+ वर राजा g2 ला जातो, तिथून तो f1 आणि f3 दोन्ही धरतो. त्यानंतरही डाव गेलेला नसतो, पण घोड्याला मुकाट्याने 3.Nc4 वर परत यावे लागते. 3...h3 4.Ne3+ ने निभावते. 3.Ne4 ही दिसायला चांगली खेळी मात्र हरते, कारण 3...h3 नंतर e4 वरून h2 वर नजर ठेवणारे एकही घर एका उडीत येत नाही.

तिने 2.Ne5+ निवडले, ते सोपे आणि चांगले. काळा राजा f4 वर गेला तर Ng6+ एकाच वेळी राजा आणि h4 वरचे प्यादे पकडते. तो f2 वर गेला तर Ng4+, g2 वर गेला तर नुसते Ng4. म्हणून काळ्याकडे 2...Kg3 हीच खरी खेळी राहते, कारण तिथून राजा g4 आणि f3 दोन्ही झाकतो.

या स्थितीत (घोडा e5, राजा g3, प्यादे h4) पुष्कळ चांगले खेळाडू अडतात. हात आपोआप प्याद्याकडे जातो. 3.Ng6 ने h4 वर थेट हल्ला होतो, पण 3...h3 झाले की घोडा हवेत राहतो: Nf4 वर राजा घोडा मारतो, Nh4 वरही मारतो. 3.Nd3 केले तर 3...h3, आणि e1 किंवा f2 वरून पुढे काहीच जमत नाही.

बरोबर खेळी आहे 3.Nc4!, म्हणजे दोन खेळ्यांपूर्वी जिथे होतो तिथेच. यामागचे गणित उलटे मांडले की समजायला सोपे जाते. काळ्या राजाने g3 वरून h2 चालवले, तर त्याच क्षणी Nf1+ हा शह हवा, म्हणजे राजा हलेल आणि घोडा h2 वरचे प्यादे मारेल. f1 वर त्या क्षणी उडी मारायची तर घोडा आधी e3 किंवा d2 वर हवा. आणि e3 वर एका उडीत यायचे तर आत्ता c4 वर हवा. 3.Nc4 h3 4.Ne3! आणि आता 4...h2 वर 5.Nf1+ आहे. e3 ची किंमत इथे दिसते. तिथून h2 धरलेले नाही, पण राजा g3 वर असेपर्यंत प्यादे पुढे गेले की मारले जाते.

3.Nc4 वर काळ्याने पुन्हा Kf3 केले तर पुन्हा Ne5+. Kf2 केले तर Ne5, आणि h3 वर Ng4+. Kg4 केले तर Ne3+, आणि राजा f4 वर गेला तर Ng2+ ने प्यादेच जाते. इथून काळ्याला जबरदस्तीने जिंकण्याची वाट नव्हती.

चार घरांची फेरी

डावात 3...h3 4.Ne3 Kf3 झाले. राजा आता e3 वर हल्ला करतो आणि g4 ही झाकतो. 5.Nf1 ही योग्य खेळी. 5...Kf2 वर 6.Nh2. 6...Kg3 वर 7.Nf1+. 7...Kg2 वर 8.Ne3+. आणि 8...Kg3.

काळा इथे नुसता फिरत नव्हता, दरवेळी तो वेगळ्या बाजूने घोड्याला हात घालत होता. घोडा e3, f1, h2, g4 या चार घरांच्या फेरीत राहतो, आणि काळा राजा कुठूनही आला तरी फेरीतले एक घर त्याच्या हाताबाहेर असते. कुठले, हे मात्र दर वेळी नव्याने बघावे लागते, कारण उरलेली घरे हरणारी असतात.

घोडा e3 वर असताना राजा f2 वरून हल्ला करतो तेव्हा Ng4+ करायचे. f3 किंवा f4 वरून करतो तेव्हा Nf1. घोडा f1 वर असताना राजा g2 वर आला तर Ne3+, e2 किंवा f2 वर आला तर Nh2. घोडा h2 वर असताना राजा g3 वर आला तर Nf1+, g2 किंवा g1 वर आला तर Ng4. घोडा g4 वर असताना राजा g3 वर आला तर Ne3, आणि f3 वर आला तर Nh2+. h4, h5, g5 किंवा f4 वरून हल्ला आला तर Nh2 पुरते.

g4 वरच्या घोड्याचा एक फायदा लक्षात घेण्यासारखा आहे. राजा g2 किंवा g1 वर असताना घोडा तिथे निवांत बसू शकतो. काळ्याने h2 केले तर Nxh2, राजा घोडा मारतो, आणि पटावर फक्त दोन राजे उरतात. घोडा देऊन प्यादे घेणे ही इथे बरोबरीच आहे, हे घाईत विसरले जाते. कित्येकदा खेळाडू घोडा वाचवायच्या नादात प्यादे सोडून देतात.

तिसरा निर्णय: एक खेळी राजासाठी

8...Kg3 नंतर पुन्हा घोडा e3, राजा g3, खेळी पांढऱ्याची. घोड्यावर हल्ला नाही, h2 ची धमकी Nf1+ ने आधीच झाकलेली आहे. म्हणजे घोड्याला हलायची गरज नाही, ही खेळी राजाला देता येते.

तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक, 9.Nf1+ करून तीच स्थिती पुन्हा आणायची. 7व्या खेळीनंतर हीच स्थिती एकदा झालेली होती. 9व्या खेळीला दुसऱ्यांदा, आणि काळा त्याच मार्गाने गेला तर 11व्या खेळीला तिसऱ्यांदा आली असती. मग फिडे नियम 9.2 प्रमाणे ती बरोबरी मागू शकली असती. दुसरा पर्याय, 9.Kb6 करून राजा हळूहळू घराकडे आणायचा.

तिने 9.Kb6 खेळले. ही खेळी चुकीची नाही, डाव अजून बरोबरीतच आहे. पण तिची एक किंमत आहे. पांढरा राजा a7 वरून हलला की तो तिथे परत येईपर्यंत आधीच्या स्थिती पुन्हा येऊ शकत नाहीत, नव्या स्थितींची तीन वेळांची मोजणी पहिल्यापासून करावी लागते. घड्याळात वेळ असता, तर राजा आणणे अधिक पक्के ठरले असते. 30 सेकंदांवर जगताना आणि दर खेळीला अचूक घर शोधावे लागताना, मला 9.Nf1+ चा रस्ता अधिक शहाणपणाचा वाटतो. काळा दुसरीकडे वळला असता तरी तिचे काही बिघडत नव्हते.

चौथा निर्णय, आणि डाव हातचा गेला

काळ्याने 9...Kh2 खेळले. आधीच्या कुठल्याही खेळीपेक्षा ही वेगळी आहे. राजा आपल्याच प्याद्याच्या वाटेत उभा राहतो, त्यामुळे ती निरुपद्रवी, जवळपास चूकच वाटते. तिने दहा सेकंदांत 10.Nf1+ केले.

या शहाने आधी तिला वाचवले होते. म्हणूनच तो हातात आला. पण राजा g3 वर असताना दिलेला f1 चा शह आणि h2 वर असताना दिलेला f1 चा शह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

राजा g3 वर असेल, तर Nf1+ नंतर तो घोड्यावर फक्त g2 किंवा f2 वरून हल्ला करू शकतो. g2 वर गेला तर Ne3 हा शह आहे. f2 वर गेला तर h2 हे घर राजाच्या हाताबाहेर आहे, घोडा तिथे जातो. h2 वरून मात्र राजा g1 वर जाऊ शकतो, आणि g1 हे एकच घर असे आहे जिथून तो दोन्ही वाटा एकदम बंद करतो. f1 वर हल्ला, h2 वर हात, आणि e3 वरून g1 ला शह लागत नाही.

डाव पुढे असा गेला:

```
10.Nf1+ Kg1  11.Nd2 Kg2  12.Nc4 h2  13.Ne3+ Kf3  0-1
```

11.Nd2 ही तिची सर्वात चिवट खेळी होती, कारण काळ्याने हपापून 11...h2 केले असते तर 12.Nf3+ ने राजा आणि प्यादे दोन्ही एकदम सापडले असते. काळ्याने 11...Kg2 हे बिनचूक उत्तर शोधले. f1 आणि f3 दोन्ही झाकले गेले, आणि d2 वरून g4 एका उडीत येत नाही. 11.Ne3 केले असते तर 11...h2 ने लगेच संपले असते. 11.Ng3 वर 11...Kg2, आणि घोडा कुठेही गेला तरी h2 झाल्यावर h1 धरायला वेळेत परत येत नाही.

13.Ne3+ हा शेवटचा सापळा. राजा g3 वर गेला असता तर 14.Nf1+, f2 वर गेला असता तर 14.Ng4+, दोन्हींत प्यादे पडते. 13...Kf3 वर मात्र e3 वरचा घोडा हल्ल्यात आहे आणि h1=Q थांबत नाही. तिने डाव सोडला.

दहाव्या खेळीला काय करायला हवे होते

10.Ng4+. काळा राजा g3 वर आला तर 11.Ne3 आणि पुन्हा तीच ओळखीची स्थिती. तो g1, g2 किंवा h1 वर गेला तर घोडा g4 वरच थांबतो, h2 धरलेले आहे, आणि पांढरा राजा एक पाऊल पुढे येतो.

गंमत म्हणजे शह न देता 10.Kc5 केले असते तरी चालले असते. राजा h2 वर असताना प्यादे हलूच शकत नाही. काळ्याला आधी राजा हलवावा लागतो, 10...Kg1 वर 11.Ng4, 10...Kh1 वरही 11.Ng4, आणि 10...Kg3 वर काही करायचीच गरज नाही. म्हणजे त्या क्षणी शह देणे सक्तीचे नव्हते, आणि दोन शहांपैकी एकच हरणारा होता, नेमका तोच दिला गेला.

डावानंतरच्या चर्चेत ती म्हणाली, "f1 चा शह प्रत्येक वेळी लागला होता, म्हणून मी राजा कुठे आहे ते पाहिलेच नाही." काळ्याकडच्या गृहस्थांचे म्हणणे होते की त्यांनी 9...Kh2 मुद्दाम खेळले. बाकी सगळ्या बाजूंनी येऊन झाले होते, प्याद्याच्या समोरची बाजू तेवढी राहिली होती.

याच प्रकरणातून सरावासाठी

घरी तयारी करताना ही स्थिती तीन टप्प्यांत लावून पाहावी, म्हणजे प्रत्येक अडचण वेगळी दिसते. आधी घोडा e3, काळा राजा g3, प्यादे h3, पांढरा राजा a7, खेळी काळ्याची. समोर बसलेल्याने काळा राजा मनाला येईल तिकडून आणावा, विशेषतः h2 आणि h4 वरून. h4 वर राजा गेला की e3 वरचा घोडा लगेच f1 वर यायला हवा, कारण तिथून h2 ची धमकी खरी असते आणि f1 चा शह लागणार नसतो. हे दोन रस्ते न चुकता ओळखू येऊ लागले की बाकीची फेरी सोपी आहे.

दुसऱ्या टप्प्यात घोडा e5, राजा g3, प्यादे h4 आणि खेळी पांढऱ्याची, म्हणजे Nc4 शोधायचे. तिसऱ्यात सुरुवातीची स्थिती, Nd7 की Nc4. सलग तेरा खेळ्या पाठ करून उपयोग नाही, कारण काळा राजा कधीच ठरल्या वाटेने येत नाही. घोडा उचलण्याआधी दोनच गोष्टी तपासायच्या: ज्या घरात जातो आहे तिथे काळा राजा पुढच्या खेळीला कुठून हात घालू शकतो, आणि त्या प्रत्येक घरावर आपल्याकडे शह किंवा सुटका आहे का.

बरोबरी मागण्याची रीतही आधीच माहीत असलेली बरी. तिसऱ्यांदा स्थिती आणणारी खेळी पटावर करायची नाही. ती नोंदपत्रकावर लिहायची, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचे आणि सांगायचे. मागणी करण्याआधी खेळीसाठी मोहऱ्याला हात लावलात, तर त्या खेळीपुरता हक्क गेला. कुणीच मागणी केली नाही तरी तीच स्थिती पाचव्यांदा आली की डाव आपोआप बरोबरीत सुटतो, पण घोड्याच्या अशा बचावात तिथपर्यंत वाट पाहणे म्हणजे आणखी काही अचूक खेळ्या स्वतःकडून मागून घेणे.

काळ्यालाही धोका असतो

असल्या स्थितीत काळा आपण जिंकूच किंवा फार तर बरोबरी होईल असे धरून चालतो. h-प्याद्याच्या बाबतीत ते खरे नाही. पांढरा राजा f1 पर्यंत पोचला, घोडा g4 वर आहे, आणि काळ्याचा राजा h3 वरच्या प्याद्यापुढे h1 वर जाऊन बसला असे समजा. खेळी काळ्याची असेल तर राजाला जायला एकही घर नाही, कारण g1 आणि g2 पांढऱ्या राजाने धरले आहेत आणि h2 घोड्याने. उरते एकच खेळी, h2. त्यावर Nf2 ही मात आहे.

याचमुळे घड्याळाचा नियमही वेगळा लागतो. काळ्याची वेळ संपली आणि पांढऱ्याकडे फक्त राजा व घोडा असला, तरी कायदेशीर खेळ्यांनी अशी मात होणे शक्य असल्याने डाव पांढरा जिंकतो, बरोबरी होत नाही. वरच्या डावात काळ्याकडे शेवटी चाळीसेक सेकंदच होते.